उधारीच्या बिलात डीएपीचा दर चुकलाय, दुकानदाराला पत्र कसं लिहू?

*आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. खाली भातजमीन, वर सड्यावर हापूसची कलमं. मी आणि धाकटा भाऊ मिळून दर जूनला बाजारातल्या एकाच दुकानातून उधारीवर खत घेतो. वडिलांपासूनचं खातं आहे. यंदा डीएपीची १४ आणि युरियाची १० पोती घेतली, बिलावर सही मीच केली. परवा मुलीनं बिल वाचलं तेव्हा कळलं की डीएपीचा दर १,५३० लावलाय. पोत्यावर १,३५० छापलंय. बिल एकूण २४,४४५ रुपयांचं. शेठनी गणपतीआधी निम्मे मागितलेत. उरलेले आंब्याची पट्टी आली की द्यायचे, पण गणपतीनंतर त्यावर महिना दीड टक्का व्याज. तोंडावर बोलायला संकोच वाटतो, आणि पुढच्या जूनला उधारी बंद झाली तर काय ही भीती. पत्र लिहायचं तर कसं? तोवर पैसे थांबवू का?*
*— एक शेतकरी, राजापूर*

नमस्कार.

पैसे थांबवू नका. दराबद्दल तुमचं म्हणणं खरं असलं तरी युरियाचा, वाहतुकीचा आणि डीएपीच्या बरोबर दराचा पैसा तुम्ही देणं लागताच. तो अडवलात तर गोष्ट चुकलेल्या बिलाची न राहता थकलेल्या उधारीची होईल, आणि मग शेठकडेही बोलायला जागा होईल. बरोबर बिलाच्या निम्मे गणपतीआधी द्या आणि त्याबरोबरच पत्र द्या. किती द्यायचे तो आकडा पुढे काढून दाखवतो.

पत्राला हात घालण्याआधी कागद मात्र जमवा. सगळ्यात आधी पोती. तुमच्याकडे एव्हाना ती रिकामी होऊन गोठ्यात, पडवीत, कुठे पेंढ्यावर झाकायला गेली असतील. शोधून काढा. डीएपीची चौदाही सापडली तर उत्तम, कारण चौदा पोती एकाच लॉटमधली असतीलच असं नाही. दुकानात जुना आणि नवा माल एकावर एक रचलेला असतो आणि टेम्पो भरताना दोन्हीतला येतो. म्हणून प्रत्येक पोत्यावरची छापील किंमत बघा. सगळ्यांवर १,३५० असेल तर प्रश्न मिटला. काहींवर वेगळा आकडा निघाला तर तेवढी पोती हिशोबात वेगळी धरा. छपाई स्पष्ट असलेली दोन पोती धुऊन, वाळवून बाजूला ठेवा आणि सगळ्यांचे फोटो काढा. फोटोत खताचं नाव, वजन, किंमत आणि लॉट नंबर एकत्र दिसायला हवा.

दुसरा कागद म्हणजे अंगठा दिल्यावर मशीनमधून निघालेली चिठ्ठी. अनुदानाचं खत विकताना दुकानदाराला पॉस मशीनवर नोंद करावीच लागते, कारण त्या नोंदीवरच कंपनीला सरकारकडून अनुदान मिळतं. त्या चिठ्ठीवर खताचं नाव, किती माल, काय दर आणि किती अनुदान हे छापलेलं असतं. शेठच्या बिलात १,५३० आणि त्याच मालाच्या चिठ्ठीवर १,३५० असेल, तर तुम्हाला वेगळं काही सिद्ध करायला नको. दुकानाच्याच दोन कागदांचा मेळ बसत नाही, एवढं दाखवलं की पुरे. ही चिठ्ठी उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. आपल्याकडच्या दमट हवेत आणि खिशातल्या घामानं दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात. आजच तिची झेरॉक्स काढा. ती हाताशी असतानाच पोत्यांचा आकडाही पडताळून घ्या. चिठ्ठीवर चौदाऐवजी वीस पोती दिसली, तर तो दराचा घोटाळा नव्हे. तुमच्या अंगठ्यावर दुसऱ्याचा माल खपवला गेलाय, आणि त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागेल. आपल्या पत्रात ते मिसळू नका.

चिठ्ठी मिळालीच नसेल तरी अडत नाही. पोतं आणि बिल एवढ्यावरही पत्र उभं राहतं.

आता बिलाकडे नीट बघू, कारण चूक कशी झाली ते कळलं की पत्राचा सूर आपोआप ठरतो. १,५३० आणि १,३५० हे आकडे एकाखाली एक लिहा. तीन आणि पाच यांची अदलाबदल झालीय. हिशोबनीस मंडळी असा घोळ पकडायला एक साधी खूण वापरतात. दोन आकड्यांतला फरक ९ नं पुरता भागला जात असेल तर अंक उलटसुलट पडले असण्याची शक्यता मोठी. इथे फरक १८० आहे आणि १८० ला ९ नं भागलं की २० येतात, बाकी काही उरत नाही. हा पक्का पुरावा नाही, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानात जी झुंबड असते ती डोळ्यांसमोर आणली तर हे कारण पटण्यासारखं आहे. हात टाइप करतोय, टेम्पोवाला बाहेर हॉर्न देतोय, दारात पाऊस. तेव्हा फसवणूक झाली असं धरून पत्र सुरू करू नका.

दर चुकण्याच्या आणखी दोन तऱ्हा मला वरचेवर दिसतात, त्या इथे लागू नाहीत हे तपासून टाका. खतावर ५ टक्के जीएसटी आहे, पण पोत्यावरची छापील किंमत करासकट असते. काही संगणकी बिलांत दराच्या रकान्यात कर वजा केलेला आकडा येतो आणि कर खाली वेगळा दिसतो. अशा बिलात डीएपीसमोर १,२८५.७१ दिसलं तर ते बरोबरच आहे. त्यात ५ टक्के मिळवले की १,३५० होतात. उलट छापील किमतीवरच पुन्हा ५ टक्के चढवले तर पोतं १,४१७.५० ला पडतं, आणि ती चूक. दुसरी तऱ्हा म्हणजे यादीतली शेजारची ओळ निवडली जाते आणि डीएपीला एखाद्या मिश्र खताचा दर लागतो. तुमच्या बिलात करासकट दर धरलेला दिसतो, कारण बेरीज तशीच जुळते. करून बघा.

डीएपी १४ पोती, दर १,५३०: २१,४२० रुपये. युरिया ४५ किलोची १० पोती, दर २६६.५०: २,६६५ रुपये. दोन्ही मिळून २४,०८५ होतात. तुमच्या २४,४४५ मधून ते वजा केले की ३६० उरतात, म्हणजे २४ पोत्यांना पोत्यामागे १५ रुपये. ही वाडीपर्यंतची वाहतूक आणि हमाली असणार. बिलावर ती वेगळ्या ओळीत आहे का ते बघा. दुकानातून माल उचलला तर छापील किमतीवर काही द्यायचं नसतं. घरपोच आणला तर भाडं वेगळं, पण ते खताच्या दरात घुसवायचं नाही. युरियाचा दर बरोबर आहे, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नको.

डीएपी १,३५० नं धरलं तर १४ पोत्यांचे १८,९०० होतात. त्यात युरियाचे २,६६५ आणि वाहतुकीचे ३६० मिळवले की बरोबर बिल २१,९२५ रुपयांचं. जास्त लागलेले २,५२०. गणपतीआधी द्यायचा निम्मा हप्ता १०,९६२.५० रुपये. चुकीच्या बिलाप्रमाणे तो १२,२२२.५० झाला असता.

आणि व्याज. २,५२० रुपये खात्यावर तसेच राहिले तर दीड टक्क्यानं महिना ३७ रुपये ८० पैसे चढतात. गणपतीपासून मे महिन्यापर्यंत आठ महिने धरले तर ३०२ रुपये ४० पैसे. रक्कम लहान आहे, पण ती तुम्ही कधी न घेतलेल्या पैशावरची आहे. म्हणून पत्रात व्याजाचा उल्लेख हवाच. बहुतेक जण दर दुरुस्त करून घेतात आणि व्याज विसरतात, मग मे महिन्यात पट्टी आल्यावर हिशोब पुन्हा बिनसतो.

आता मागायचं काय, हा पत्राचा गाभा. "बिल दुरुस्त करून द्या" एवढंच लिहिलंत तर शेठ बहुधा तुमच्या हातातल्या बिलावर १,५३० खोडून पेननं १,३५० करतील, शेजारी सही ठोकतील. तसं करू देऊ नका. तुमच्या कागदावर खोडलेला आकडा त्यांच्या स्थळप्रतीत, संगणकात आणि खातेवहीत तसाच राहतो. मे महिन्यात दुसराच माणूस गल्ल्यावर बसलेला असेल आणि तो वहीतला आकडा वाचेल. जुन्या तारखेचं नवं बिल घेणंही टाळा. मूळ बिल वहीतून निघालं नाही तर खात्यावर दोन बिलं दिसतील आणि तुम्ही २८ पोती डीएपी नेलीत असा अर्थ निघेल.

यासाठी व्यापारात नेमकी सोय आहे, क्रेडिट नोट. बिल जास्त रकमेचं झालं असेल तर विकणारा मूळ बिलाचा नंबर आणि तारीख देऊन तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढतो आणि खात्यातून ती रक्कम वजा होते. मूळ बिल जसंच्या तसं राहतं, चूक आणि दुरुस्ती दोन्ही कागदावर दिसतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही तरतूद आहे. तुमच्या बाबतीत त्या नोटेत मूळ किंमत २,४०० रुपये, केंद्राचा कर ६०, राज्याचा कर ६०, एकूण २,५२० असं यायला हवं. यात शेठचाही फायदा आहे. जादा बिलावरचा १२० रुपये कर त्यांच्या अंगावर पडलाय, तो या नोटेनं त्यांना कमी करता येतो. मात्र त्याला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंत. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, पण शेठचे कर सल्लागार हे ऐकलं की लगेच काम करतात असा माझा अनुभव. दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर बिलावर कर वेगळा दिसणार नाही. तेव्हा नोट सरळ २,५२० ची.

पत्राचा नमुना देतो. रिकाम्या जागा बिल समोर ठेवून भरा. हातानं लिहिलंत तरी चालेल, फक्त दोन प्रती करा.

दि. ……

प्रति,
श्री. …… शेठ,
…… (दुकानाचं नाव), …… (गाव), ता. राजापूर, जि. रत्नागिरी

विषय: उधारी बिल क्र. ……, दि. …… मधील डीएपीचा दर दुरुस्त करून मिळणेबाबत.

स.न.वि.वि.

वरील बिलाने मी आपल्या दुकानातून डीएपी ५० किलोची १४ पोती व युरिया ४५ किलोची १० पोती उधारीवर घेतली. माल पूर्ण व चांगल्या स्थितीत मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही.

बिलात डीएपीचा दर प्रतिपोते रु. १,५३० लागला आहे. मिळालेल्या पोत्यांवर छापील किंमत रु. १,३५० आहे व पॉस मशीनच्या दि. …… च्या पावतीवरही तोच दर आहे. लिहिताना अंकांची अदलाबदल झाली असावी असे वाटते.

फरक प्रतिपोते रु. १८०, १४ पोत्यांचे रु. २,५२०. युरिया व वाहतुकीची रक्कम मला मान्य आहे. त्यानुसार बिलाची रक्कम रु. २४,४४५ ऐवजी रु. २१,९२५ होते.

तरी विनंती की,
१) वरील बिलाचा संदर्भ देऊन रु. २,५२० ची क्रेडिट नोट द्यावी व ती माझ्या खात्यावर बिलाच्या तारखेपासून जमा धरावी.
२) या रकमेवर व्याज आकारू नये.
३) दुरुस्तीनंतरचा खातेउतारा द्यावा.

ठरल्याप्रमाणे निम्मी रक्कम रु. १०,९६२.५० आज रोख / ऑनलाइन दिली आहे. ती फक्त याच बिलापोटी जमा करावी. उरलेली रक्कम ठरल्या वेळी देईन.

हे काम १५ दिवसांत व्हावे ही विनंती.

आपला,
(सही, नाव, गाव, खाते क्र., मोबाइल)

सोबत: बिलाची झेरॉक्स, पॉस पावतीची झेरॉक्स, पोत्याचे फोटो.

यातली दोन वाक्यं अनावश्यक वाटतील, पण ती गाळू नका. "माल पूर्ण व चांगल्या स्थितीत मिळाला" हे लिहिल्यानं शेठना कळतं की तुम्ही सगळ्याच गोष्टीवर भांडायला आलेला नाही. वाद एका ओळीपुरता राहतो. दुसरं, "फक्त याच बिलापोटी जमा करावी." चालू खात्यात दुकानदार आलेला पैसा आधी जुन्या बाकीत किंवा व्याजात वळता करतात. पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत आणि समोरच्यानं ते घेतले, तर त्याला ते तिथेच धरावे लागतात. करार कायद्यात कलम ५९ नं तसं म्हटलंय. कलमाचा आकडा पत्रात लिहू नका, वाक्य पुरेसं आहे. पैशांची पावती घ्या आणि तिच्यावरही बिल नंबर टाकून घ्या. पॉसची चिठ्ठी हाती नसेल तर तिचा उल्लेख पत्रातून काढून टाका. जे दाखवता येत नाही ते लिहायचं नाही.

पत्र स्वतः नेऊन द्या, आणि दुकानात गर्दी नसेल अशा वेळी. दुपारी दोन-अडीचला बाजार थंडावतो तेव्हा. चार गिऱ्हाइकांसमोर दर चुकल्याचं निघालं तर कुठलाही व्यापारी आधी नाही म्हणतो. बोलायला अवघड वाटत असेल तर एवढंच म्हणा: "शेठ, बिलात एक आकडा चुकलाय वाटतं, लिहून आणलंय, सावकाश बघा." पुढचं पत्र बोलेल. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्या. ही तुमची पोच. सही द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता परत या आणि तेच पत्र पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तर चांगलंच, पण पोचेची जागा तो घेत नाही.

उत्तरं काय येतील तेही सांगतो.

"तुम्ही बिलावर सही केलीत की." ती सही माल मिळाल्याची आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दर कोणाच्या सहीनं योग्य होत नाही, कारण अनुदानाच्या खताला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे.

"तेव्हा रेट वाढले होते." हे उत्तर कधीकधी प्रामाणिक असतं, म्हणून ते उडवून लावू नका. २०२१ मध्ये खरोखर तसं झालं होतं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये डीएपीच्या पोत्याची किंमत १,९०० पर्यंत चढली, मग १९ मे रोजी केंद्रानं पोत्यामागचं अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केलं आणि पोतं पुन्हा १,२०० ला आलं. त्या काही आठवड्यांत एकाच दुकानात वेगवेगळ्या छापील किमतींची पोती होती आणि गोंधळ उडाला होता. पण त्यातूनही मुद्दा हाच निघतो की दर त्या पोत्यावर छापलाय तो. पोत्यावर १,३५० असेल तर ते १,३५० लाच विकायचं. तुम्ही पोती जपून ठेवली असतील तर या उत्तरावर वाद होणारच नाही.

"बरं, पुढच्या जूनच्या बिलात वळते करू." हे उत्तर येण्याची शक्यता सर्वात जास्त, आणि ऐकायला गोडही. पण जूनपर्यंत २,५२० खात्यावर राहणार आणि त्यावर व्याज चालणार. शिवाय ते पैसे परत मिळवायला तुम्हाला पुढच्या वर्षीही त्याच दुकानात माल घ्यावा लागणार. नम्रपणे सांगा की हे बिल अजून पूर्ण फिटलेलं नाही, त्यामुळे त्याच बिलातून आत्ताच कमी करता येईल. शेठना खिशातून एक रुपयाही काढायचा नाही, फक्त येणं बरोबर लिहायचंय. हे समजावून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

उधारी बंद होण्याची भीती मी हलक्यात घेत नाही. कोकणातली खताची उधारी आंब्याच्या मोसमावर चालते, आणि जूनमध्ये हाती रोकड नसताना कलमांना खत घालायचं तर हे खातं लागतंच. पण दुकानदार उधारी तोडतो ती पैसे बुडवणाऱ्याची किंवा तारखा चुकवणाऱ्याची. निम्मा हप्ता वेळेवर हातात ठेवून, बेरजेसकट, चढा शब्द न वापरता लिहिलेलं पत्र देणारं गिऱ्हाईक कोणी सहसा सोडत नाही. म्हणूनच पैसे आणि पत्र एकाच दिवशी द्या असं म्हणतो.

पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर आणखी एक छोटं पत्र द्या. पहिल्या पत्राची तारीख, "अद्याप दुरुस्ती मिळालेली नाही" आणि आणखी आठ दिवस. त्यात एक वाक्य वाढवा: "अन्यथा मला हे कागद पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांसमोर ठेवावे लागतील." पहिल्या पत्रात हे वाक्य नको. तिथे ते धमकी वाटतं, दुसऱ्यात ते माहिती ठरतं. त्यानंतरही उत्तर नाही तर राजापूरला पंचायत समितीतले कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे अर्ज करा. सोबत बिल, पॉस चिठ्ठी, पोत्याचे फोटो आणि दोन्ही पत्रांच्या पोच जोडा. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे दुकानदारानं दरफलक लावायचा असतो आणि प्रत्येक विक्रीला रोख किंवा उधारीचं बिल ठरलेल्या नमुन्यात, फॉर्म एम मध्ये, द्यायचं असतं. दुकानाचा परवाना याच आदेशाखाली चालतो, त्यामुळे तपासणीला आलेला अधिकारी बिलबुक आणि मशीनच्या नोंदी शेजारी ठेवून बघू शकतो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पण अंक उलटे पडल्याचं प्रकरण तिथवर जावं असं मला वाटत नाही.

क्रेडिट नोट हाती आली की दुकानातच उभ्या उभ्या वाचा. तुमचं नाव, मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, १४ पोती, रक्कम २,५२०. कारण म्हणून "दरातील फरक" लिहिलेलं हवं. "माल परत" लिहिलं असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या, नाहीतर मशीनवर तुमच्या नावे १४ पोती विकलेली आणि दुकानाच्या वहीत परत आलेली अशी विसंगती उभी राहील. मग खातेउतारा मागा. त्यात जूनमध्ये २४,४४५ नावे, क्रेडिट नोटेचे २,५२० जमा, तुमचे १०,९६२.५० जमा आणि बाकी १०,९६२.५० दिसायला हवी. नोट उशिरा निघाल्यामुळे मधल्या दिवसांचं व्याज लागलेलं दिसलं तर पत्रातली पहिली मागणी दाखवा. जमा बिलाच्या तारखेपासून धरायची, असं त्यात लिहिलंय. मे महिन्यात वाशीहून पट्टी आली की व्याज धरायचं ते या १०,९६२.५० वरच.